उतरणारा सूर

तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे असते, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं समोर उभे असल्याशिवाय ती उघडत नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला संध्याकाळी माझ्याकडची किल्ली मी रजिस्टरवर सही करून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. त्यानंतर कितीतरी रात्री झोपायच्या आधी माझा हात उशाशी जायचा. इतकी वर्षं ती किल्ली तिथे ठेवायची सवय होती. ती जागेवर आहे की नाही ते चाचपायचं आणि मग दिवा मालवायचा. आता तिथे काही नसायचं, तरी हात जायचा.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तेरा वर्षं होतो. २०१० च्या पावसाळ्यात रुजू झालो आणि २०२३ ला राजीनामा दिला. गेली दोन वर्षं मी साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. सूर जुळवतो, भाता बदलतो, पट्ट्या सरळ करतो. हे केलं ते बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की लिहू असं म्हणत बरेच महिने गेले. न ठरलेल्या अवस्थेतच लिहावं, असं आता वाटतं.

बँकेचा वीट आला होता म्हणून निघालो, असं मला म्हणता येत नाही. वरून येणारी टार्गेटं त्रास द्यायची हे खरं, पण एखाद्या शेतकऱ्याचं पीककर्ज वेळेत मंजूर करून दिल्यावर तो काउंटरवर येऊन नुसता उभा राहायचा, त्याचं समाधानही खरं होतं. पेटीचं काम मी २०१६ पासून शिकत होतो. तेव्हा बदली पुण्यात होती, आणि दर रविवारी मी पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे जाऊन बसायचो. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिले सहा महिने त्यांनी मला मऊ ब्रशने पेटीतल्या पितळी सुरांवरची धूळ काढण्यापलीकडे काही करू दिलं नाही. सुरुवातीला ते मला ‘साहेब’ म्हणायचे. ज्या दिवशी मी पहिला सूर घासताना जास्त घासला, त्या दिवशी ‘अरे गाढवा’ म्हणाले आणि तिथून पुढे ‘अरे’च राहिलं.

२०२३ च्या मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. माझी बदली राज्याबाहेर होणार हे नक्की झालं, आणि काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. उजव्या कानाने त्यांना वरच्या सप्तकातलं ऐकू येईनासं झालं होतं. त्यांची हत्यारं, सूर तपासायचा मेजावरचा भाता आणि जुन्या जर्मन सुरांचे तीन डबे ते मला ९०,००० रुपयांत द्यायला तयार होते. तरीही त्यांचा सल्ला नोकरी सोडू नको असाच होता. “रविवारचं काम रविवारीच ठेव. रोज केलंस तर ते वेगळं काम होतं,” असं ते म्हणाले. मला तेव्हा वाटलं, थकलेल्या माणसाचं बोलणं आहे. जूनअखेर मी तीन महिन्यांची नोटीस दिली.

आता पैशांचं सांगतो, कारण अशा लेखांतून नेमकं तेच गाळलेलं असतं आणि मला स्वतःला तेव्हा तेच वाचायला हवं होतं.

मी २०१० च्या एप्रिलनंतर लागलो, त्यामुळे जुनी पेन्शन मला नव्हतीच, एनपीएस होतं. त्यात माझ्या पगारातले दहा टक्के आणि बँकेचे आधी दहा आणि शेवटची काही वर्षं चौदा टक्के दरमहा जमा होत. ती रक्कम माझ्या नावावर तशीच राहिली. खातं चालू राहावं म्हणून मी वर्षाला हजार रुपये भरतो. पण ते चौदा टक्के थांबले, आणि ते माझ्या पगाराचाच भाग होते हे मला ते थांबल्यावर कळलं, कारण हातात येणाऱ्या आकड्यात ते कधी दिसलेच नव्हते. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा असतो. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ९१,००० होते. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. माझे ६,८२,५०० रुपये झाले.

ज्या गोष्टीचा मी पुरेसा विचार केला नव्हता, ती म्हणजे घराचं कर्ज. कर्मचाऱ्याला ते सवलतीच्या दराने आणि सरळव्याजाने मिळतं. राजीनामा दिला की सवलत संपते आणि तेच कर्ज बाजारदराने चालू होतं. हा नियम मला पाठ होता, इतरांच्या फायलींवर मी तो लावलाही होता. माझे १९ लाख शिल्लक होते. साडेआठ टक्के आणि पंधरा वर्षं धरून हप्ता १८,७०० च्या आसपास बसला. आधी पगारातून १२,००० कापले जायचे. हप्ता वाढला त्याच महिन्यात पगार थांबला.

पगार हातात ७४,००० येत होता. माझी पत्नी एका खासगी शाळेत शिकवते, तिचे २६,००० येतात. घराचा खर्च, हप्ता, मुलीची फी, विम्याचा हप्ता धरून महिन्याला ५२,००० लागतात. म्हणजे मला २६,००० कमवायचे होते. हा आकडा तेव्हा अवघड वाटला नाही. दोन ओळींच्या पेटीचे सगळे सूर लावून देण्याचे मी ३,००० घेतो. महिन्याला नऊ पेट्या. रविवारी एक पेटी होते, तर रोज बसल्यावर महिन्याला नऊ का होणार नाहीत?

का होत नाहीत ते सांगायला पेटी उघडावी लागेल.

साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीखाली, पेटी दोन ओळींची असेल तर, दोन सूर. म्हणजे ८४ सूर. आमच्या कामात ‘सूर’ म्हणजे आवाज नव्हे, वस्तू. एक छोटी पितळी चौकट, तिच्यात एक फट, आणि फटीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा फटीतून जाते आणि जीभ थरथरते. जिभेच्या मोकळ्या टोकाकडे घासलं तर ती हलकी होते आणि सूर चढतो. रिव्हेटकडच्या बुडाशी घासलं तर ती लवचीक होते आणि सूर उतरतो. तत्त्व एवढंच आहे. घासताना जिभेखाली एक पातळ पत्ती सारायची, म्हणजे ती वाकत नाही, आणि कानस अगदी दोन-तीनदाच फिरवायची. मग थांबायचं, कारण घासून पितळ तापतं आणि तापलेला सूर किंचित उतरलेला बोलतो. लगेच ऐकून अजून घासलं, तर थंड झाल्यावर तो चढलेला निघतो. आणि मेजावरच्या भात्यावर बरोबर बोलणारा सूर पेटीत बसवल्यावर तसाच बोलेल याची खात्री नसते. तिथली हवेची वाट वेगळी असते. म्हणून शेवटचा कस पेटीतच लावायचा. काढायचा, घासायचा, बसवायचा, ऐकायचा, पुन्हा काढायचा.

मोबाइलवरचा ट्यूनर सूर कुठे आहे ते सांगतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट, आणि ट्यूनर ते सेंट दाखवतो. पण एका पट्टीखालचे दोन सूर एकमेकांत मिसळले की नाही, ते कानच सांगतो. एक सेकंदाला ४४० वेळा थरथरत असेल आणि दुसरा ४४२ वेळा, तर सेकंदाला दोन लहरी ऐकू येतात. आवाज हलल्यासारखा वाटतो. ती लहर लांबत लांबत नाहीशी होईपर्यंत काम करायचं. यात कान थकतो. साधारण दोन तासांनी मला लहर नसलेल्या ठिकाणी लहर ऐकू येऊ लागते, आणि असलेल्या ठिकाणी येत नाही. मध्ये विश्रांती घेऊन दिवसाला चार तास, त्याहून जास्त बारीक काम मी करू नये हे मला पहिल्या तीन महिन्यांत कळलं. त्याच्या पुढे केलेलं काम दुसऱ्या दिवशी परत करावं लागतं. एका पेटीला मला दोन ते अडीच दिवस लागतात.

म्हणजे महिन्याला दहा पेट्या, तेही रोज काम असेल तर. आणि रोज काम नसतं. गणपतीच्या आधीच्या महिन्यात माझ्याकडे वीस-पंचवीस पेट्या येतात, सगळ्या एकाच तारखेला हव्या असतात. नवरात्राच्या आधी काही, कार्तिकात काकड्याला काही, चैत्रात गावच्या यात्रा आणि रामनवमीच्या आधी काही. मधले महिने मोकळे. बँकेत गर्दी ही फक्त दमणूक असायची, पगार तोच. इथे श्रावणात मी अर्ध्या पेट्या परत पाठवतो आणि जूनमध्ये दारात कुणी नसतं. जूनचा रिकामा दिवस श्रावणासाठी साठवून ठेवता येत नाही.

त्यावर मी एक उपाय केला. २०२४ च्या मेमध्ये ओळखीच्या भजनी मंडळांना फोन करून सांगितलं की पेटी आत्ताच आणा, २,४०० मध्ये करून देतो. अकरा पेट्या आल्या. मला फार बरं वाटलं. पण सातारा आणि त्याच्या पश्चिमेचा पाऊस मी हिशोबात धरला नव्हता. जुलैत लाकूड फुगलं. पट्ट्या एकमेकींना घासू लागल्या, दाबलेली पट्टी वर येईना. अकरातल्या चार पेट्या ऑगस्टमध्ये परत आल्या, आणि त्यांना मी पैसे कोणत्या तोंडाने मागणार होतो? त्यांनी दिलेल्या पैशांत पेटी गणपतीत वाजणं धरलेलं होतं. सूर तसेच होते, पण पट्टीच उठत नसेल तर सुराचं काय करायचं. आता मी मेमध्ये फक्त भाते आणि चामड्याची कामं घेतो. त्यांना मागणी कमी असते.

त्याच ऑगस्टमधली एक पेटी मला लिहायची आहे, कारण माझ्या विचारात ती अजून आहे.

जावळी तालुक्यातल्या एका गावाचं भजनी मंडळ. पेटी जुनी, चांगल्या सागाची. बुवा स्वतः घेऊन आले. तक्रार एकच होती, मधल्या सप्तकातली पांढरी चार ही पट्टी खाली बोलते. मी वही काढली. प्रत्येक पेटीचं एक पान असतं, त्यात कोणता सूर किती सेंटने उतरलेला होता ते लिहितो. पांढरी चारचा एक सूर बारा सेंट उतरलेला होता, शेजारचे सगळे दोन-तीनच्या आत. टोकाकडे घासून वर आणला, एक रात्र ठेवला, सकाळी पाहिला, ठीक होता. पेटी गेली.

सहा दिवसांनी बुवांचा फोन आला. “साहेब, पुन्हा तसंच बोलतंय.” पेटी आली. नऊ सेंट खाली. मला वाटलं, माझ्याच हातून कमी घासला गेला असेल, नाहीतर धुळीचा कण असेल. पुसला, परत घासला, वर आणला. सीझन ऐन भरात होता, बाहेर ओटीवर सात पेट्या वाट बघत होत्या. मी वहीतल्या आधीच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली आणि पेटी दिली.

गणपतीच्या पाचव्या दिवशी रात्री अकराला फोन आला. भजन चालू असताना पट्टी दाबली की आवाजाऐवजी फस्स करून हवा जात होती. जीभ तुटून आत पडली होती. फट उघडी राहिली की तिथून भात्यातली सगळी हवा निघून जाते आणि आजूबाजूच्या पट्ट्याही कमजोर पडतात. मी काकांच्या डब्यातले चार सूर रुमालात गुंडाळून मोटारसायकलवर निघालो. पाऊस होता. पोचलो तेव्हा मंडळी टाळ-मृदंगावरच पुढे गात होती. मंडपाच्या मागे बॅटरीच्या उजेडात सूर बदलला, जेमतेम जुळवला. कुणी मला बोललं नाही. एका बाईने चहा आणून दिला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन तुटलेली जीभ भिंगाखाली पाहिली. रिव्हेटजवळ तुटली होती. तुटलेल्या कडेचा साधारण अर्धा भाग काळपट होता आणि उरलेला लख्ख पिवळा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती मी हात लावायच्या आधीपासून तिथे होती. चिरेमुळे जीभ बुडाशी लवचीक होत चालली होती आणि म्हणून सूर रोज थोडा उतरत होता. मी दर वेळी टोकाकडे घासून तो वर आणत होतो. म्हणजे चिरेचं जे एकमेव चिन्ह बाहेर दिसत होतं, ते मी पुसून टाकत होतो.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “एकदा उतरलेला सूर घासायचा. घासून वर आणलेला परत उतरला, की कानस खाली ठेवायची आणि सूर बदलायचा. वहीत दोन ओळी लिहिल्यास ना? मग वाचल्या का नाहीस?”

मी वाचल्या नव्हत्या. लिहिल्या होत्या फक्त.

सप्टेंबरअखेर वर्ष पुरं झालं, तेव्हा मी घराच्या हिशोबाची वही तशी वाचायला बसलो. एकूण २,८६,००० आले होते. सूर, चामडं, फेल्ट, लाकूड, येण्याजाण्याचा खर्च असे ६१,००० गेले. उरले २,२५,०००, म्हणजे महिन्याला १८,७५०. घराचा हप्ता जवळपास तेवढाच आहे. वर्षभर मी जे काम केलं ते कर्जाच्या हप्त्याएवढं झालं, बाकीचं घर पत्नीच्या पगारावर आणि ग्रॅच्युइटीतून चाललं. पहिलं वर्ष आहे, एकदा उतरलेला सूर आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी २,९४,००० उरले. सरासरी २४,५००. घरी मी हा आकडा आनंदाने सांगितला, आणि आईने देवाजवळ साखर ठेवली. नंतर रात्री एकटा बसून पुन्हा बघितलं तेव्हा त्यात ७०,००० एकाच कामाचे दिसले. एका संस्थेच्या संगीतवर्गाच्या सगळ्या पेट्या एकदम नीट करून दिल्या होत्या. तसं काम परत कधी येईल, येईल का, मला माहीत नाही. ते बाजूला काढलं तर उरतात २,२४,०००. पहिल्या वर्षापेक्षा हजार रुपये कमी.

या दोन ओळींचा अर्थ काय लावायचा, इथे मी अडकलो आहे. धंदा वाढला नाही हे खरं. पण मे महिन्याचा तो फसलेला प्रयोग दुसऱ्या वर्षी केला नाही, त्याची कमाई त्यात नाही, आणि तरी आकडा जवळपास तोच राहिला, म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं थोडी वाढली असाही अर्थ निघतो. काही मंडळं आता दुसरीकडे जात नाहीत. बुवांची पेटी यंदाही माझ्याकडेच आली, यासारखी दुसरी गोष्ट मला गेल्या वर्षात मिळाली नाही. मात्र महिन्याला दहा पेट्यांची माझ्या कानाची मर्यादा तशीच आहे. मी आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे. काकांचा कान गेला तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, पण कमी त्याच्या कितीतरी आधीपासून होत गेला असणार.

आईचं लिहिलं नाही तर हा हिशोब खोटा होईल. बँकेच्या सामूहिक आरोग्यविम्यात आई माझ्यावर अवलंबून म्हणून होती. तिला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. नोकरी सुटली तसं ते छत्र गेलं. बाहेरून नवी पॉलिसी घेतली, पण आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांची प्रतीक्षा होती. गेल्या जानेवारीत तिच्या पायाची जखम चिघळली आणि अकरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. १,४०,००० रुपये झाले. मधुमेहातून आलेलं दुखणं, त्यामुळे क्लेम नाकारला गेला, आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच नाकारला गेला. मी नोकरीत असतो तर यातले बहुतेक पैसे विम्यातून आले असते. आई मला कधी काही म्हणाली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “बँकेचं कार्ड दाखवलं असतं तर चाललं नसतं का रे?” तिला वाटत होतं, कार्ड अजून आहे.

आणि पत्नी. मी राजीनाम्याचं बोललो तेव्हा तिने हो म्हटलं होतं, मनापासून. त्या वेळी तिचा स्वतःचा एक बेत होता. शाळा दोन वर्षं सोडून पुढचं शिक्षण घ्यायचं. तो बेत आपण नंतर करू असं आम्ही दोघांनी ठरवलं. ‘नंतर’ म्हणजे माझं बसल्यावर. यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या तारखा आल्या आणि गेल्या. मी विचारलं, भरायचा का फॉर्म? ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही सांगा, भरू का?” मला उत्तर देता आलं नाही. माझ्या अनिश्चित कामाला एक निश्चित माणूस लागतो आणि तो मी तिला करून ठेवलं आहे. तिच्या नोकरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

काका म्हणाले होते की रोज केलंस तर ते वेगळं काम होतं. तेही खरं निघालं. रविवारी मी आवडलेलीच पेटी हातात घ्यायचो. आता प्लायवुडच्या स्वस्त पेट्याही घेतो. त्यांचे सूर पातळ पत्र्याचे असतात, आज लावले तर महिन्याने हलतात, आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगितलं तरी पटत नाही. अशी पेटी समोर असताना मला चार तास मोजावेसे वाटतात. बँकेत मी तास मोजायचो, पण तिथे ते साहजिक होतं. इथेही मोजायला लागेन हे मला ठाऊक नव्हतं. तरीही, जुना जर्मन सूर बरोबर बसतो तेव्हा दोन सुरांमधली लहर लांबत जाते, सेकंदाची दोन सेकंदांची होते, चारची होते, आणि एका क्षणी ती नसते. खोलीत एकच आवाज उरतो. ते ऐकायला मी अजूनही हातातलं सगळं ठेवतो. त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. ते नसतं तर मी हा लेख लिहिला नसता, सरळ नोकरी शोधली असती.

नोकरी तशी आली आहे. बँकेत परत जाता येत नाही, वयाची अट कधीच ओलांडली. पण तालुक्याच्या ठिकाणच्या एका पतसंस्थेने व्यवस्थापक म्हणून विचारलं आहे. पगार ४५,०००, आरोग्यविमा आहे, घरून जाऊन-येऊन करता येईल. पेट्या रविवारी. संचालकांनी फार आदराने विचारलं आणि शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या फॉर्मसाठी म्हणून होय म्हणू नका. आणि माझ्यासाठी म्हणून नाहीही म्हणू नका.” मग मी काय म्हणून काय म्हणायचं, याचा मी चार दिवस विचार करतो आहे.

कधी वाटतं, मी दोन वर्षं घासून आकडा वर आणतो आहे, आणि चीर बुडाशी आहे. कधी वाटतं, सूर ठीक आहे, फक्त तापलेला आहे, थंड व्हायच्या आधीच मी तो पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. पितळाचं असतं तर भिंगाखाली धरलं असतं. ग्रॅच्युइटीतले साडेतीन लाख शिल्लक आहेत. आई पुन्हा आजारी पडली नाही, तर तेवढ्यात आणखी काही वर्षं निघतील. ‘पडली नाही तर’ हे मी लिहिलं, आणि मुलगा म्हणून मला ते लिहिताना लाज वाटली.

आज बुधवार. दुपारी एक पेटी आली आहे, कोरेगावकडची. काळी दोन सात सेंट उतरलेली आहे. बाकी सगळे सूर जागेवर. मी ती घासलेली नाही. जीभ पुसली, रिव्हेट तपासला, भिंगातून बुडाशी पाहिलं, चीर दिसली नाही. पण जिभेखालची बाजू दिसत नाही, तिथे असली तर कळणार नाही. वहीत आजची तारीख टाकून सात लिहिलं आणि तिच्याखालची ओळ मोकळी सोडली. गिऱ्हाइकाला सांगितलं आहे की दोन दिवस ठेवून घेतो, रोज एकदा मोजतो, मगच हात लावतो. तो म्हणाला, शनिवारी सप्ताह बसतोय, त्याच्या आत झालं म्हणजे झालं.